आईवडिलांच्या ग्रुप कव्हरचा हप्ता का फुगतो: अ‍ॅडव्हर्स सिलेक्शन आणि मॉरल हॅझार्ड

प्रश्न: हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत आहे. ग्रुप मेडिक्लेममध्ये माझं, बायकोचं आणि मुलाचं कव्हर कंपनी भरते. आईवडिलांचं ५ लाखांचं कव्हर ऐच्छिक आहे, त्याचा हप्ता माझ्या पगारातून जातो. तीन रिन्यूअलमध्ये तो ४० हजारांवरून ६५ आणि आता ९० हजारांवर गेला. एचआर म्हणते, ‘अ‍ॅडव्हर्स सिलेक्शन आणि मॉरल हॅझार्ड, दुसरं काय!’ ही नेमकी भानगड काय आहे? वडील ६३, त्यांना बीपी आहे. आई ५९, तिला काही नाही. त्यांना यातून काढावं का?

उत्तर:

एचआरने दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात उरकल्या आहेत. दोन्हींचा परिणाम हप्त्यावरच दिसतो म्हणून त्यांची गल्लत होते, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. पॉलिसीत कोण येतं आणि कोण निघून जातं, त्यातून उभा राहतो तो अ‍ॅडव्हर्स सिलेक्शनचा प्रश्न. पॉलिसी हातात आल्यावर माणूस, आणि त्याच्यापेक्षाही हॉस्पिटल, खर्च करताना कसं वागतं, तो मॉरल हॅझार्डचा. पहिला सही करण्याआधीचा, दुसरा सही झाल्यानंतरचा. तुमच्या हप्त्याची चाल बघता पहिल्याचा वाटा मोठा असावा असं वाटतं. का, ते आकड्यांत मांडून बघू.

समजा तुमच्या कंपनीत आईवडील असलेली ४०० कुटुंबं आहेत. सोयीसाठी त्यांचे शंभर-शंभरचे चार गट करू. पहिल्या गटातले आईवडील पंचावन्नच्या आसपासचे आणि धडधाकट. त्यांचा वर्षाचा सरासरी दावा १० हजार रुपये येतो. दुसऱ्या गटाचा २० हजार, तिसऱ्याचा ४० हजार. चौथ्या गटात डायलिसिस, स्टेंट, कॅन्सरचे उपचार असं सगळं आहे. त्यांचा ९० हजार. चारशे कुटुंबांची सरासरी झाली ४० हजार. विमा कंपनीचा आणि तिच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीएचा खर्च तूर्त बाजूला ठेवला तर हप्ता ४० हजार हवा, आणि सगळी कुटुंबं आत असतील तर तो पुरतोही.

आता कंपनी म्हणते, आईवडिलांचं कव्हर ऐच्छिक, पैसे तुमचे तुम्ही भरा. आपल्या घरात साधारण किती दवाखाना होतो याचा अंदाज प्रत्येकाला असतो. आकस्मिक खर्चाची धास्ती नको म्हणून माणूस त्या अंदाजापेक्षा थोडं जास्त मोजायला तयार असतो, दीडपट धरू. म्हणजे पहिला गट १५ हजारांपर्यंत देईल, दुसरा ३०, तिसरा ६० आणि चौथा १ लाख ३५ हजारांपर्यंत. हप्ता आहे ४० हजार. पहिले दोन गट फॉर्मच भरत नाहीत.

उरली २०० कुटुंबं. त्यांच्याकडून हप्ता आला ८० लाख आणि दावे झाले १ कोटी ३० लाख. विमा कंपनी ग्रुप पॉलिसीचं रिन्यूअल बहुतेक मागच्या दाव्यांवरूनच ठरवते. ब्रोकर मंडळी त्याला बर्निंग कॉस्ट म्हणतात. शंभर रुपयांच्या हप्त्यामागे १६२ रुपयांचे दावे दिसल्यावर पुढचा भाव येतो ६५ हजार. तिसऱ्या गटाची मर्यादा होती ६० हजार, तो बाहेर पडतो. आता १०० कुटुंबं, हप्ता ६५ लाख, दावे ९० लाख. पुढचा भाव ९० हजार.

या तीन वर्षांत एकाही कुटुंबाचा दवाखान्याचा खर्च एका रुपयानेही वाढलेला नाही. कोणी खोटं बोललं नाही, कोणी जादा दिवस अ‍ॅडमिट राहिलं नाही, हॉस्पिटलने दर वाढवले नाहीत. तरी हप्ता सव्वादोनपट झाला, कारण सरासरी ज्यांच्यावर काढायची ती माणसंच बदलली. शुद्ध अ‍ॅडव्हर्स सिलेक्शन ते हेच. प्रत्यक्षात यात दरवर्षीची वैद्यकीय महागाई मिसळते, पण एवढी उडी महागाईने एकटीने मारणं अवघड आहे.

यात नुकसान कोणाचं, हे मात्र नीट बघायला हवं. चौथा गट ९० हजार भरतो आणि ९० हजारांचे उपचार घेतो, हिशेब चुकता. खरं नुकसान बाहेर पडलेल्या ३०० कुटुंबांचं. पहिला गट १५ हजार द्यायला तयार होता आणि त्याचा खर्च फक्त १० हजार होता, म्हणजे सौदा दोन्ही बाजूंना परवडणारा होता. तो झाला नाही, कारण कोण कोणत्या गटात आहे हे विमा कंपनीला ओळखता येत नाही आणि ती सगळ्यांना एकच भाव लावते. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हे मांडलं. त्याच लेखात त्यांनी वयस्कांना आरोग्य विमा मिळणं का अवघड जातं, याचाही उल्लेख केला आहे.

हे कागदावरचंच नाही. हार्वर्ड विद्यापीठाने १९९५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनांना सारखंच अनुदान द्यायला सुरुवात केली. जास्त सवलतींची योजना हवी तर वरचा सगळा फरक कर्मचाऱ्याने भरायचा. तरुण, निरोगी मंडळी स्वस्त योजनांकडे गेली, महाग योजनेत वयस्क आणि आजारी उरले, तिचा हप्ता आणखी चढला, आणखी लोक गेले. तीन वर्षांच्या आत ती योजना बंद करावी लागली. तिथे शिकवणाऱ्या अर्थतज्ज्ञांनाही ती वाचवता आली नाही, हे जाता जाता.

आता मॉरल हॅझार्ड. खोटी बिलं लावणं किंवा न झालेलं ऑपरेशन दाखवणं म्हणजे फसवणूक. ती तिसरीच गोष्ट आहे. मॉरल हॅझार्डमध्ये सगळे प्रामाणिक असू शकतात. विमा आहे म्हणून माणूस मुद्दाम आजारी पडत नाही. पण आजारी पडल्यावर बिल दुसरा भरणार हे माहीत असेल तर तो शेअरिंग रूमऐवजी सिंगल रूम घेतो. साताऱ्यात होण्यासारखं ऑपरेशन पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात करतो, ‘कॅशलेस आहे ना’ म्हणून. मोतीबिंदूला साधी लेन्स पुरेशी असताना मल्टिफोकल निवडतो. हॉस्पिटलच्या काउंटरवर तर पहिला प्रश्नच असतो, ‘मेडिक्लेम आहे का?’ आणि त्याच्या उत्तरावर पुढचं बरंच काही ठरतं. आपल्याकडे मॉरल हॅझार्डचा मोठा भाग पेशंटच्या बाजूने नसून उपचार देणाऱ्याच्या बाजूने येतो, असं माझं मत आहे. किती तपासण्या लागतील, किती दिवस ठेवायचं, हे पेशंट कुठे ठरवतो?

हा परिणाम किती मोठा असतो हे मोजणं अवघड, कारण जास्त कव्हर घेणारे लोक मुळातच जास्त आजारी असू शकतात. मग खर्च जास्त दिसला तर तो निवडीमुळे की वागणुकीमुळे? ही गाठ सोडवायला अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड संस्थेने एक प्रयोग केला. कुटुंबांना योजना निवडूच दिल्या नाहीत, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटल्या. कोणाला सगळे उपचार फुकट, कोणाला ठरावीक मर्यादेपर्यंत बिलाचे ९५ टक्के खिशातून. निवड काढून टाकल्यामुळे उरलेला फरक वागणुकीचाच होता. ९५ टक्के स्वतः भरणाऱ्यांचा एकूण वैद्यकीय खर्च फुकटवाल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. पण फरक मुख्यतः डॉक्टरकडे जायचं की नाही इथे पडला. एकदा उपचार सुरू झाल्यावर दर वेळचा खर्च फारसा वेगळा नव्हता. आणि लोकांनी फक्त अनावश्यक उपचार टाळले असं नाही, आवश्यक उपचारही तेवढेच टाळले. बीपी असलेल्या गरीब लोकांचं बीपी फुकट योजनेत जास्त ताब्यात राहिलं. को-पे, म्हणजे बिलातला पेशंटने स्वतः भरायचा वाटा, वाढवा म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

मग तुमच्या कंपनीत नेमकं काय झालं हे कसं ओळखायचं? टीपीएकडून एचआरला दाव्यांचा अहवाल येतो. नावं न घेता त्यातून दोन गोष्टी काढता येतात. पहिली: या वर्षी ज्यांनी कव्हर सोडलं, त्यांचे मागच्या वर्षीचे दावे सरासरी किती होते, आणि जे राहिले त्यांचे किती? वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडलेल्यांचा आकडा १५ हजार आणि राहिलेल्यांचा ६५ हजार आला असता. एवढी तफावत दिसली की निवडीचाच प्रश्न आहे. दुसरी: जी कुटुंबं दोन्ही वर्षं पॉलिसीत होती, फक्त त्यांचाच दर कुटुंबामागचा खर्च बघा. तीच माणसं, तेच कव्हर, आणि खर्च महागाईपेक्षा बराच जास्त वाढलेला असेल तर वागणूक बदलली आहे. रूम रेंटची मर्यादा काढून टाकल्यानंतरच्या वर्षात ही वाढ दिसली तर संशय आणखी पक्का.

यात दोन सापळे आहेत. कुटुंबं शे-दोनशेच असतील तर एखादी बायपास आणि एक लांबलेला आयसीयू सगळी सरासरी हलवतात. म्हणून समजा ५ लाखांचे पूर्ण कव्हर संपवणारे दावे वेगळे काढून उरलेल्यांचा हिशेब करावा. आणि दोन्ही गुडघे बदलून घेणारा माणूस पुढच्या वर्षी साहजिकच स्वस्त दिसतो. त्यावरून त्याची वागणूक सुधारली असं म्हणता येत नाही.

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे तर. ग्रुप पॉलिसीत वेटिंग पीरियड, म्हणजे ठरावीक आजारांचा दावा मिळण्याआधी थांबायचा काळ, बहुधा माफ असतो. म्हणून चार वर्षं दुखत असलेले वडिलांचे गुडघे ज्या वर्षी करायचे त्याच वर्षी कव्हर घ्यायचं, ऑपरेशन झालं की पुढच्या वर्षी सोडायचं, असं सर्रास चालतं. गुडघा, मोतीबिंदू, हर्निया, गर्भाशय, पित्ताशयातले खडे: तारीख ठरवून करता येणारी ही सगळी ऑपरेशन्स निवडीला आयती वाट देतात. वैयक्तिक पॉलिसीत याच कारणाने अशा ठरावीक आजारांसाठी आणि आधीपासूनच्या आजारांसाठी वेटिंग पीरियड असतो. विमा नियामकाने २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारांसाठीची कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली. नव्या पॉलिसीच्या पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून बाकी दावा मिळत नाही, तेही त्याचसाठी.

इथेच बहुतेक कंपन्या चुकतात. हप्ता वाढला की घाईघाईने आईवडिलांच्या कव्हरला २० टक्के को-पे लावतात. को-पे हा वागणुकीवरचा उपाय आहे. पहिला गट निघून जाण्याचं कारण त्याने हलत नाही. हप्ता थोडा उतरतो खरा, पण बायपासच्या पेशंटला काय निवडायचं असतं? बिल ४ लाखांचं असेल तर त्याच्या खिशातून ८० हजार जास्त जातात, एवढंच. निवडीवर चालतात ते उपाय वेगळे. कंपनीने हप्त्याचा काही भाग स्वतः भरला तर निरोगी कुटुंबं टिकतात. वरच्या उदाहरणात चारही गट आत ठेवायचे तर ४० हजारांपैकी २५ हजार कंपनीने भरावे लागतील, तरच पहिल्या गटाला त्याचे १५ हजार परवडतील. १० हजार भरले तर दुसरा गट थांबतो, पहिला जातोच. मग सरासरी ५० हजारांवर सरकते आणि पुढच्या वर्षी अनुदान वाढवलं नाही तर दुसराही जातो. म्हणून अर्धवट अनुदान हा पैसे वाया घालवण्याचा प्रकार ठरू शकतो. दुसरा स्वस्त उपाय म्हणजे वयोगटानुसार हप्ता: पंचावन्नच्या आईला आणि बहात्तरच्या वडिलांना एकच दर लावायचा नाही. तिसरा, नोंदणी वर्षातून एकदाच आणि एकदा बाहेर पडलं की दोन-तीन वर्षं परत प्रवेश नाही. गुडघ्यांचा खेळ याने बराच थांबतो.

मॉरल हॅझार्डला उपाय करायचा तर माणसाच्या हातात खरोखर निवड असते तिथे करावा. रूम रेंटची मर्यादा त्यापैकी एक, पण ती कशी चालते हे फार थोड्यांना माहीत असतं. समजा मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार, आणि तुम्ही ८ हजारांची रूम तीन दिवस घेतली. लोक समजतात की रोजचे ३ हजार, म्हणजे एकूण ९ हजारच आपल्या खिशातून जातील. तसं होत नाही. आपल्याकडची बरीच हॉस्पिटलं सर्जनची फी, ओटीचे चार्जेस, डॉक्टरांच्या व्हिजिट्स रूमच्या वर्गानुसार लावतात. म्हणून विमा कंपनी तोही खर्च ५ भागिले ८, म्हणजे साडेबासष्ट टक्केच मान्य करते. हे खर्च १ लाख २० हजार असतील तर ७५ हजार मिळतात, आणि रूमच्या २४ हजारांपैकी १५ हजार. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीत येत नाहीत. त्यांचे १ लाख असतील तर पूर्ण मिळतात. एकूण बिल २ लाख ४४ हजार, मान्य १ लाख ९० हजार, खिशातून ५४ हजार. त्यावर १० टक्के को-पे असेल तर आणखी १९ हजार. डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर होणारी भांडणं बहुतांशी याच गणिताची असतात. अ‍ॅडमिट होतानाच ५ हजारांच्या आतली रूम मागितली तर हे टळतं.

एक वेगळं उदाहरण शेजारीच आहे. आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. तिथे हप्ताच नाही, त्यामुळे निरोगी माणूस बाहेर पडण्याचा प्रश्न येत नाही आणि हप्त्याची ही चढण लागत नाही. मॉरल हॅझार्ड मात्र उरतो, म्हणून सरकार हॉस्पिटलला बिलाप्रमाणे न देता आजारानुसार ठरलेलं पॅकेज देतं. आणि पॅकेज कमी वाटलं की खासगी हॉस्पिटलं योजनेत यायला नाखूश असतात.

आता तुमचं. फक्त तुमच्या खिशाचा विचार केला तर आईला बाहेर काढणं योग्य दिसतं. ५९ आणि निरोगी म्हणजे ती ९० हजारांच्या सरासरीत दुसऱ्यांचा भार उचलते आहे. तिच्या जाण्याने उरलेल्यांचा हप्ता थोडा आणखी चढेल, पण ते तुम्ही एकट्याने थांबवू शकत नाही. आधी एचआरला विचारा की हप्ता जोडीवर आहे की माणशी. जोडीवर असेल तर एकट्या आईला काढून काही वाचणार नाही, आणि मग वडिलांचाही विचार सोबतच करावा लागेल. आईची पॉलिसी ती निरोगी आहे तोवरच घ्या. वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, ग्रुपवर तो १८ टक्के आहेच. शिवाय ६० वर्षांवरच्यांच्या वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर विमा कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं. ग्रुपच्या ऐच्छिक कव्हरमध्ये तुम्ही जी उडी अनुभवलीत ती तिथे एवढ्या सहज येत नाही.

वडिलांच्या बाबतीत घाई नको. नवी पॉलिसी घेतली तर बीपी आणि त्याच्याशी जोडलेल्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. आधी बघा की ज्या विमा कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे तिच्याच वैयक्तिक योजनेत मायग्रेशन मिळतं का. त्यात ग्रुपमधली सलग वर्षं वेटिंग पीरियडमधून वजा होतात, पण जुन्या ५ लाखांच्या रकमेपुरतीच. आणि वडिलांना घ्यायचं की नाही हे कंपनी तपासून ठरवते. अर्ज रिन्यूअलच्या दोन महिने आधी टाका आणि ग्रुपमधल्या सलग वर्षांचं पत्र एचआरकडून घेऊन ठेवा. अर्जात बीपी कधीपासून आहे, कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, सगळं लिहा. ‘साधंच बीपी आहे, कशाला लिहायचं’ असं एजंट म्हणाला तर एजंट बदला. सलग ६० महिने झाल्यावर माहिती लपवली या कारणाने कंपनी दावा नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण त्याआधीच्या पाच वर्षांत लपवलेली एक गोळी अख्खा दावा बुडवते.

मायग्रेशन मिळालं नाही तर वडिलांना ग्रुपमध्ये ठेवून बाहेर त्यांच्या नावाची एक छोटी पॉलिसी आताच सुरू करा, म्हणजे तिचा वेटिंग पीरियड सरत राहील. दोन हप्ते तीन वर्षं टोचतील खरे. पण नोकरी बदलली की ग्रुप कव्हर त्याच दिवशी संपतं, आणि तेव्हा वडील सहासष्टचे असतील. काहीही ठरवलंत तरी नवी पॉलिसी जारी होऊन तिच्यात बीपीची नोंद बरोबर आली आहे हे बघेपर्यंत ग्रुपचा फॉर्म रिकामा सोडू नका. बऱ्याच कंपन्यांत परत आत यायचं दार दोन-तीन वर्षं उघडत नाही.